कायम न करण्याचं पत्र: किती लिहिलं तर जास्त, किती लिहिलं तर कमी

प्रश्न: मी एका खासगी विनाअनुदानित माध्यमिक शाळेत (राज्य मंडळ) सहाय्यक शिक्षिका आहे. १५ जून २०२३ ला दोन वर्षांच्या परिवीक्षेवर नेमणूक झाली. ९ जून २०२५ तारखेचं पत्र मला १६ जूनला स्पीड पोस्टाने मिळालं. त्यात लिहिलंय: "आपले परिवीक्षा काळातील काम व वर्तणूक समाधानकारक नाही. तसेच चौकशी समितीच्या दि. १४ मार्चच्या अहवालानुसार आपण विद्यार्थ्यांच्या पालकांकडून खासगी शिकवणीपोटी पैसे घेतल्याचे सिद्ध झाले आहे. सबब कलम ५(३) अन्वये आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. एक महिन्याच्या वेतनाचा धनादेश सोबत जोडला आहे." मला त्या समितीने कधी बोलावलंच नाही. परिवीक्षेवरच्या माणसाला असं काढता येतं म्हणतात. मग मी काही करू शकते का?

उत्तर:

मॅडम, परिवीक्षेवरच्या शिक्षकाला कायम न करण्याचा अधिकार संस्थेला आहे. ते तुम्हाला खरंच सांगितलंय. पण तुमची अडचण वेगळी आहे. संस्थेने तुम्हाला "कायम करत नाही" असं कळवलं, की "दोषी ठरवून काढलं" असं कळवलं? तुमच्या पत्रातल्या पहिल्या वाक्याने पहिली गोष्ट केली आणि दुसऱ्या वाक्याने दुसरी. मी बावीस वर्षं शाळा न्यायाधिकरणासमोर काम करतोय, कधी शिक्षकांच्या बाजूने, कधी संस्थांच्या. सेवासमाप्तीची बरीचशी पत्रं पडतात ती अशाच एखाद्या जादा वाक्यामुळे. ते वाक्य चिटणीसांनी रागाच्या भरात घातलेलं असतं, किंवा हेडक्लार्कने जुन्या फायलीतून उतरवलेलं असतं.

आधी एक अट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुमचं नेमणूक पत्र काढून पाहा. त्यात "रिक्त कायम पदावर, दोन वर्षांच्या परिवीक्षेवर" असं असेल तर पुढचं तुम्हाला लागू पडतं. "या शैक्षणिक वर्षापुरती तात्पुरती नेमणूक" असं लिहून दरवर्षी नवीन पत्र दिलं असेल, किंवा पदाला लागणारी पात्रता तुमच्याकडे नसेल, तर आधी ती लढाई लढावी लागते आणि ती बरीच अवघड आहे. प्रश्नावरून तुमची नेमणूक पहिल्या प्रकारची दिसते, म्हणून तेच धरून चालतो.

तुम्हाला लागू असलेला कायदा म्हणजे महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. शाळेला अनुदान नाही म्हणून तो लागू नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यातलं कलम ५ तुमच्या कामाचं आहे. कायम पदावर नेमलेला माणूस दोन वर्षं परिवीक्षेवर असतो (शिक्षण सेवक असेल तर तीन) आणि मुदत पूर्ण झाली की तो कायम झाला असं मानलं जातं. त्यासाठी वेगळं पत्र लागत नाही. पोटकलम ३ संस्थेला वाट देतं: परिवीक्षाधीन माणसाचं काम किंवा वर्तणूक व्यवस्थापनाच्या मते समाधानकारक नसेल, तर त्या मुदतीत केव्हाही, एक महिन्याची नोटीस देऊन किंवा एक महिन्याचा पगार देऊन, त्याची सेवा संपवता येते.

या वाक्यात तीन गोष्टी आहेत. मत व्यवस्थापनाचं हवं. ते मत काम किंवा वर्तणूक यांबद्दल हवं. आणि सेवा मुदतीच्या आत संपायला हवी. तुमचं पत्र या तीन गोष्टींवर घासून पाहू.

"समाधानकारक नाही" म्हणजे कलंक नव्हे

माझ्याकडे येणारे बहुतेक शिक्षक याच शब्दांवर बोट ठेवून म्हणतात, "साहेब, हे लिहून माझी बदनामी केली." त्यांना निराश करावं लागतं. कायद्याच्या भाषेत कलंक म्हणजे बाजू ऐकून घेतल्याशिवाय लावता न येणारा ठपका. "काम व वर्तणूक समाधानकारक नाही" एवढंच लिहिणं हा कलंक नाही. पवनेंद्र नारायण वर्मा यांच्या २००१ सालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. तिथेही पत्रात जवळजवळ हेच शब्द होते. न्यायालयाचं म्हणणं सोपं आहे. परिवीक्षा म्हणजे पारख. पारख करून माणूस जमला नाही असं ठरलं, तर ते कुठल्या तरी शब्दांत सांगावं लागणारच. त्या प्रत्येक शब्दाला कलंक म्हटलं तर परिवीक्षेला अर्थच उरत नाही.

आमच्या कायद्याची गंमत अशी की शाळेच्या बाबतीत संस्थेला हे शब्द टाळूनही चालत नाही. कंपनीचा एचआरवाला "आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही" असं गुळमुळीत लिहून मोकळा होतो. शाळेने तसं लिहिलं तर कलम ५(३) मधलं मत पत्रात दिसतच नाही. मग शिक्षकाचा वकील विचारणारच, की समाधान झालं नाही असं तुम्ही ठरवलंत कुठे? सर्वोच्च न्यायालयाने प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात २००८ साली याच कलमाचा विचार केला. या कायद्याखालच्या नियमावलीतले मूल्यमापनाचे नियम १४ आणि १५ हे कलम ५(३) च्या वर जाऊ शकत नाहीत, असं न्यायालय म्हणालं. पण नियम १५(६) प्रमाणे मुख्याध्यापकांनी परिवीक्षाधीन माणसाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवायची असते, आणि समाधान झालं की नाही हे ठरवताना ते मूल्यमापन विचारात घ्यावं लागतं, हेही त्याच निकालात आहे.

म्हणजे संस्थेची वाट दोन्ही बाजूंनी अरुंद आहे. फार कमी लिहिलं तर मत दिसत नाही, फार जास्त लिहिलं तर कलंक लागतो. तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य बरोबर मधोमध चालतंय. त्यावर वेळ घालवू नका.

दुसरं वाक्य मात्र वेगळं आहे

"पालकांकडून पैसे घेतल्याचे सिद्ध झाले आहे." यातल्या "सिद्ध" या शब्दाकडे बघा. शिकवायला जमत नाही, वर्ग ताब्यात राहत नाही, टाचणं वेळेवर येत नाहीत, हे कामाचं मोजमाप झालं. पैसे घेतले हा आरोप आहे. तोही साधा नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खासगी शिकवणीच बंद केली आहे. आरोप आला की त्याला उत्तर द्यायची संधी येते, साक्षीदाराला उलट प्रश्न विचारायचा हक्क येतो, आणि परिवीक्षेची सोपी वाट बंद होते.

न्यायालयं इथे एक फरक करतात. तो १९५७ च्या पुरुषोत्तमलाल धिंग्रा निकालापासून चालत आलाय: तक्रार हा सेवासमाप्तीचा नुसता हेतू होता, की तिचा पाया होता? अशिलांना मी तो असा समजावतो. समजा पालकांची तक्रार संस्थेच्या कानावर आली. संस्थेने खरंखोटं केलंच नाही. "कटकट नको, तसंही मॅडमचं काम बेताचंच आहे, कायम करू नका" असं ठरवलं आणि साधं पत्र दिलं. इथे तक्रार हा हेतू झाला आणि पत्र बहुधा टिकतं. आता समजा संस्थेने समिती नेमली, समितीने पालकांचे जबाब घेतले, पैसे घेतल्याचा निष्कर्ष लिहिला, आणि त्या निष्कर्षावर विसंबून पत्र निघालं. इथे तो निष्कर्ष पाया झाला. तुमच्या माघारी काढलेल्या निष्कर्षावर उभी असलेली सेवासमाप्ती ही खरं तर शिक्षा आहे, मग वर कलम ५(३) लिहिलेलं असो की आणखी काही.

ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याने कमी चौकशी केली तो मालक इथे जास्त सुरक्षित असतो. मला स्वतःला ही रचना फारशी आवडत नाही. पण कायदा आज असाच आहे, आणि तुमच्या प्रकरणात तो तुमच्या बाजूने पडतो.

प्राथमिक चौकशी करायला मात्र बंदी नाही. रीतसर चौकशी लावावी की नाही एवढं ठरवायला संस्थेने चार लोकांना विचारलं, तर त्याने काही बिघडत नाही. म्हणून संस्थेचे वकील "ती समिती प्राथमिक होती" हेच म्हणणार. त्यावर तुमचं उत्तर त्यांच्याच पत्रात आहे. प्राथमिक चौकशीत काही सिद्ध होत नसतं.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. समजा पत्रात "सिद्ध झाले" हे शब्द नसते, नुसतं "दि. १४ मार्चच्या अहवालास अनुसरून" एवढंच असतं. तरीही तुमचा मुद्दा उभा राहिला असता. उत्तर प्रदेशातल्या एका इंटर कॉलेजच्या परिवीक्षाधीन प्राचार्यांचं, इंद्रपाल गुप्ता यांचं, १९८४ चं प्रकरण आहे. त्यांना दिलेलं पत्र वरवर निर्दोष होतं. पण त्याच्याबरोबर व्यवस्थापन समितीचा ठराव होता, आणि ठरावात व्यवस्थापकांच्या अहवालाचा हवाला होता. कलंक त्या जोडपत्रांत होता. सर्वोच्च न्यायालयाने पत्राबरोबर तेही वाचलं आणि सेवासमाप्ती रद्द केली. उद्या तुम्ही दुसऱ्या शाळेत अर्ज केलात आणि त्यांनी हे पत्र मागितलं, तर ते अहवालही मागणारच.

तारखांचा हिशेब

तुम्ही प्रश्नात तारखा दिल्यात हे फार बरं केलंत, कारण त्यात दुसरा मुद्दा दडलाय. १५ जून २०२३ पासून दोन वर्षं १४ जून २०२५ ला, शनिवारी, पुरी झाली. पत्रावर ९ जून आहे. हातात पडलं १६ जूनला, सोमवारी.

सेवा संपवण्याचा आदेश ज्याला द्यायचा त्याला कळवला गेला पाहिजे. कपाटात सही करून ठेवलेला आदेश हा आदेश नव्हे. म्हणून पहिला प्रश्न: पत्र शाळेतून बाहेर पडलं कधी? स्पीड पोस्टाचं पाकीट टाकलं नसेल अशी आशा करतो. त्यावर बुकिंगची तारीख आणि वेळ छापलेली असते. ती १४ जूनच्या नंतरची असेल तर पत्र मागची तारीख घालून केलंय हे उघड होतं, आणि तुम्ही तोवर कायम झालेल्या होतात. ती ९ ते १४ जूनमधली असेल तर वाद होईल. डाकेत टाकलं तो दिवस धरायचा की हातात आलं तो, यावर दोन्ही बाजूंना दाखवायला निकाल आहेत. त्या मुद्द्यावर मी तुम्हाला खात्री देणार नाही, पण तो सोडूही नका.

संस्था यात का अडकतात तेही सांगतो. शाळेची परिवीक्षा बहुतेक वेळा जूनमध्ये संपते आणि त्याच्या आधीचा महिना-दीड महिना सुट्टीचा असतो. एप्रिलमध्ये निकालाची गडबड. मे महिन्यात पदाधिकारी गावी. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं, की अरे, त्या मॅडमची दोन वर्षं भरत आली. आता नोटिशीचा महिना उरलेला नसतो, म्हणून धनादेश जोडून पत्र पोस्टात टाकतात. शिक्षिका सुट्टीवर, कधी घरी, कधी माहेरी, आणि पाकीट फिरत राहतं.

धनादेशाचीही रक्कम तपासा. एक महिन्याचा पगार म्हणजे भत्त्यांसकट. नुसतं मूळ वेतन दिलं असेल तर तोही मुद्दा अपिलात घाला. धनादेश भरायला हरकत नाही, पण भरण्यापूर्वी संस्थेला दोन ओळींचं पत्र द्या: "माझे सर्व हक्क राखून, सेवासमाप्ती मान्य न करता ही रक्कम स्वीकारत आहे." त्याची पोच घ्या.

या दोन मुद्द्यांची फळं वेगळी आहेत

हे अपील लिहिणाऱ्या वकिलांच्याही कधीकधी लक्षात येत नाही. तारखेचा मुद्दा जिंकलात तर तुम्ही कायम शिक्षिका ठरता, आणि कायम शिक्षकाला नियम ३६ आणि ३७ प्रमाणे चौकशी समिती नेमल्याशिवाय काढता येत नाही. त्या समितीत तुमचा प्रतिनिधीही असतो. कलंकाचा मुद्दा जिंकलात तर हे पत्र रद्द होतं, पण संस्थेला रीतसर चौकशी करायची वाट मोकळी राहू शकते. म्हणून अपिलात आधी तारखेचा मुद्दा घ्या, आणि "तो मान्य न झाल्यास" म्हणून कलंकाचा. दोन्हींची खिचडी केली तर समोरचा वकील त्यातलाच एक मुद्दा दुसऱ्यावर उलटवतो.

अपील कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे करायचं असतं, आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत. १६ जूनपासून मोजलं तर १६ जुलैपर्यंत. उशीर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. संस्थेशी "बोलणी चालू आहेत" हे कारण मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. बोलणी करा, पण अपील दाखल करून. शिक्षणाधिकाऱ्यांकडे केलेला तक्रार अर्ज म्हणजे अपील नव्हे, त्याने मुदत थांबत नाही.

अपिलाबरोबर काय जोडायचं? नेमणूक पत्र, सेवासमाप्तीचं पत्र, पाकीट, पगाराच्या पावत्या किंवा बँकेचा उतारा, आणि दोन वर्षांत मुख्याध्यापकांनी तुमच्या कामाबद्दल जे काही लेखी दिलं असेल ते सगळं. लॉगबुकमधल्या पाठ निरीक्षणाच्या नोंदींची प्रत तुमच्याकडे नसेल तर ते मूळ कागद संस्थेने हजर करावेत असा अर्ज द्या. त्याच अर्जात व्यवस्थापनाच्या ज्या सभेत तुमच्याबद्दल ठरलं तिचं इतिवृत्त आणि १४ मार्चचा तो अहवाल मागा. प्रतिकूल शेरा लेखी कळवला नसेल तर नियम १५ तुम्हाला मदत करतो: न कळवल्यास त्या काळातलं काम समाधानकारक होतं असं धरलं जातं. वरच्या २००८ च्या निकालामुळे हा नियम एकट्याने प्रकरण जिंकून देणार नाही, पण संस्थेच्या पहिल्या वाक्यातली हवा काढायला पुरतो.

इतिवृत्त का मागायचं? कारण मत व्यवस्थापनाचं हवं. पत्रावर सही मुख्याध्यापकांची, मागे ठराव नाही, आणि चिटणीस म्हणतात "फोनवर अध्यक्षांशी बोलणं झालं होतं", अशी प्रकरणं मी पाहिलीत. मुख्याध्यापक मत देऊ शकतात, पण ठरवायचं व्यवस्थापनाने.

संस्थेने कसं लिहायला हवं होतं

हा प्रश्न वाचणाऱ्यांत संस्थाचालकही असतील, म्हणून त्यांच्या बाजूचं एक प्रकरण सांगतो. तालुक्याच्या गावातली एक संस्था. गणिताच्या शिक्षकाची परिवीक्षा संपत आली होती. चिटणीस स्वतः निवृत्त मुख्याध्यापक, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी हाताने चौदा ओळींचं पत्र लिहून आणलं. त्यात शिक्षकाचा "उद्धटपणा", "वरिष्ठांप्रती अनादर", "संस्थेच्या नावलौकिकास बाधा" आणि शेवटी "शिक्षकी पेशास अपात्र" असं सगळं होतं. मी विचारलं, यातलं काय तुम्हाला न्यायाधिकरणात सिद्ध करता येईल? ते म्हणाले, "सगळं खरं आहे." मी म्हटलं, खरं असेल, पण खरं लिहिलंत की ते सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि त्याचं ऐकून घेतलं नाही हा दोषही तुमचा. हात दाखवून अवलक्षण कशाला?

त्या फायलीत एक गोष्ट चांगली होती. मुख्याध्यापकांनी दोन वर्षांत सहा वेळा वर्ग निरीक्षण केलं होतं. दोनदा लेखी कळवलं होतं: नववीचा भूमितीचा भाग सत्र संपेपर्यंत अर्धाच झालाय, घटक चाचणीच्या वह्या तीन आठवडे तपासल्या नाहीत. दोन्ही पत्रांवर शिक्षकाची "प्रत मिळाली" अशी सही होती. त्यावर व्यवस्थापनाच्या सभेत चर्चा झाली, ठराव झाला, आणि पत्र असं गेलं:

"आपली नेमणूक दि. … पासून दोन वर्षांच्या परिवीक्षेवर करण्यात आली होती. परिवीक्षा काळातील आपल्या कामाचे मूल्यमापन व्यवस्थापनाने दि. … च्या सभेत विचारात घेतले. व्यवस्थापनाच्या मते आपले काम समाधानकारक नाही. सबब कलम ५(३) अन्वये आपली सेवा दि. … रोजी कामकाजाची वेळ संपल्यावर समाप्त करण्यात येत आहे. नोटिशीऐवजी एक महिन्याच्या वेतनाचा धनादेश सोबत देत आहोत."

बस्स. "उद्धट" नाही, "अपात्र" नाही, "वर्तणूक" हा शब्दसुद्धा नाही, कारण नोंदी फक्त कामाच्या होत्या. वर्तणुकीबद्दल कागद नसताना तो शब्द निव्वळ सवयीने घातला, की समोरचा वकील "कसली वर्तणूक?" म्हणून तिथूनच खणायला लागतो. निरीक्षणाची ती दोन पत्रं फायलीत राहिली, पत्राला जोडली नाहीत. पत्र मुदत संपायच्या बारा दिवस आधी, शाळा चालू असताना, मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन साक्षीदारांसमोर हातात दिलं. शिक्षकाने अपील केलं आणि ते फेटाळलं गेलं. मूल्यमापनाचे ते कागद तेव्हा, विचारल्यावर, पुढे आले.

तुमच्या संस्थेकडे असे कागद असते तर त्यांना दुसऱ्या वाक्याची गरज पडली नसती. ते वाक्य आलं यावरून माझा अंदाज असा, की कामाबद्दल लेखी काहीच नाही आणि समितीचा तो अहवाल हाच एकमेव कागद आहे. अंदाज चुकू शकतो. मुख्याध्यापकांनी तुम्हाला कधी मेमो दिला असेल, तुम्ही त्याला उत्तर दिलं असेल, तर ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. अशिलाने लपवलेला मेमो समोरच्या बाजूने काढला की सगळ्या प्रकरणाचा रंग बदलतो.

कंपनीतल्या वाचकांसाठी एवढंच: हेतू आणि पाया यांतला फरक कामगार न्यायालयातही चालतो, पण तुम्ही कामगार या व्याख्येत बसता की व्यवस्थापकीय पदावर आहात, आणि तुमचे स्थायी आदेश काय म्हणतात, यावर उत्तर पार बदलतं. शाळेसारखं "दोन वर्षं झाली की आपोआप कायम" हे तिथे गृहीत धरू नका. बऱ्याच नेमणूक पत्रांत "लेखी कळवल्याशिवाय परिवीक्षा संपली असे समजू नये" अशी ओळ असते. आधी ती शोधा.

मॅडम, या आठवड्यात करायचं ते हे. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. त्यावरचा स्पीड पोस्टाचा क्रमांक इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर टाकून बुकिंगपासून वाटपापर्यंतच्या नोंदीची छापील प्रत काढून ठेवा, कारण ती नोंद तिथे कायम राहत नाही. मग संस्थेला लेखी पत्र देऊन १४ मार्चच्या अहवालाची प्रत मागा. त्यांनी दिली तर ती अपिलाला जोडा. नाही दिली तर मागणीच्या पत्राची पोच जोडा.